चिडलेल्या नातेवाइकांसाठी सिस्टरांचा सराव

"इंदूरमधील आमच्या वॉर्डच्या सिस्टरांना चिडलेल्या नातेवाइकांशी बोलण्याचा सराव द्यायचा आहे. प्रसंग कसा रचावा आणि नंतर चर्चा कशी घ्यावी?"

सुरुवातीला एकच प्रसंग घ्यावा: रात्रीचे 2 वाजले आहेत, वडिलांच्या वेदनाशामक इंजेक्शनला 40 मिनिटे उशीर झाला आहे आणि मुलगा नर्सिंग स्टेशनवर येऊन आवाज चढवतो. आपल्याकडे मराठी सिस्टरलाही हे संभाषण बहुधा हिंदीतच करावे लागते, म्हणून सरावही हिंदीत व्हावा.

मुलाची भूमिका करणाऱ्याला संवाद पाठ न देता रागाच्या पायऱ्या ठरवून द्याव्यात. सिस्टरने उशीर मान्य करून पुढची नेमकी वेळ सांगितली, तर त्याने एक पायरी उतरावे. नुसते "शांत हो जाइए" म्हटले किंवा पाठ फिरवली, तर एक पायरी चढावे. हे नियम नसले, की तो स्वतःच्या लहरीने चिडतो आणि कोणत्या शब्दाने काय घडले हे कोणालाच उमगत नाही. सराव थांबवण्याचा शब्द आधीच ठरवावा. मदत बोलावून मागे सरणे हेही यशच धरावे.

प्रसंग 8 मिनिटांचा असेल, तर चर्चेला 20 मिनिटे ठेवावीत. आधी मनातली धडधड बोलून निवू द्यावी, मग दिसलेली कृती सांगून कारण विचारावे: "तुम्ही फाइलकडे पाहत उत्तर दिलेत, तेव्हा मनात काय चालले होते?" त्यानंतर मुलाची भूमिका करणाऱ्याने त्या क्षणी आपल्याला काय वाटले ते सांगावे. बहुतेक वेळा खरी चर्चा इथेच सुरू होते. अशा सरावाने आत्मविश्वास वाढतो, पण हल्ले घटतातच असे सिद्ध झालेले नाही. इंजेक्शनला उशीर का होतो, हे प्रशासनाने वेगळे सोडवावे.