‘जरा चांगला करून द्या’

“मॅडम, रेझ्युमे अपलोड केला आहे. जरा चांगला करून द्या. काय बदलायचं ते तुम्हीच बघा, तुम्हाला जास्त कळतं.”

समुपदेशक म्हणून काम करताना गेल्या काही वर्षांत हा निरोप माझ्याकडे इतक्या वेळा आला आहे की पाठवणाऱ्याचे नाव वाचण्याआधीच मला पुढची ओळ ठाऊक असते. फाइल उघडते, पाने दोन-तीन असतात, आणि ती ‘चांगली’ कशासाठी करायची हे मात्र कुठेच लिहिलेले नसते. अशा फाइलमध्ये न विचारता दुरुस्त करता येण्याजोगे फार थोडे असते: शुद्धलेखन, तारखांची एकसारखी मांडणी, चुकलेला फोन नंबर, आणि वडिलांचे नाव, जन्मतारीख, वैवाहिक स्थिती यांसारखी माहिती, जी आपल्याकडे लग्नाच्या बायोडेटातून नोकरीच्या बायोडेटात चालत आलेली आहे. त्यापलीकडचा प्रत्येक बदल, म्हणजे काय वर घ्यायचे, काय आखडायचे, कोणते शब्द वापरायचे, हा दिशेचा निर्णय असतो आणि तो माझा नसतो.

हे मी एका चुकीतून शिकले. २०१२ मध्ये गोव्यातल्या खाणी बंद झाल्यानंतर खाणपट्ट्यातला एक पर्यवेक्षक माझ्याकडे आला होता. मी काहीही न विचारता त्याचा रेझ्युमे मोठ्या उत्साहाने असा घडवला की उत्तम खाण पर्यवेक्षक म्हणून तो कुठेही शोभला असता. खाणी मात्र बंद होत्या. त्याला हॉटेलच्या भांडारात काम हवे होते, आणि माल आला-गेल्याच्या नोंदी ठेवण्याचा त्याचा जो अनुभव तिथे कामी आला असता, तो मी ‘किरकोळ’ समजून शेवटच्या ओळीत ढकलला होता. भाषा सुंदर झाली होती, पण माणूस चुकीच्या दाराशी उभा राहिला होता.

म्हणून डिचोलीच्या एका मुलीचा असाच निरोप आला, तेव्हा मी फाइलला हात न लावता तिला म्हापशाला बोलावून घेतले. वय एकोणतीस, रसायनशास्त्रात एम.एस्सी., वेर्णा औद्योगिक वसाहतीतल्या एका औषध कंपनीच्या गुणनियंत्रण प्रयोगशाळेत, म्हणजे तिथल्या भाषेत क्यूसीमध्ये, सहा वर्षे. आमच्या पाच बैठका झाल्या. त्यांतले नेमके जे घडले तेवढेच इथे सांगते.

“हा रेझ्युमे किती ठिकाणी पाठवलास?” मी विचारले.

“अकरा.”

“आणि फोन किती आले?”

“चार. पण मॅडम, त्यातून काही झालं नाही.”

माझ्या मते सर्वांत आधी विचारावा असा प्रश्न हाच, कारण दुखणे कुठे आहे ते त्यावरून कळते. एकही फोन येत नसेल, तर दोष कागदात किंवा अर्ज करण्याच्या जागांत असतो. फोन येतात पण निवड होत नाही, तेव्हा कागदाने आपले काम केलेले असते आणि तयारी मुलाखतीची करावी लागते. अकरांतून चार हे प्रमाण मला मुळीच वाईट वाटले नाही. म्हणून मी पुढे विचारले, “ते चारही फोन कशासाठी होते?”

“एचपीएलसीवर बसण्यासाठीच.” एचपीएलसी म्हणजे नमुन्यातले घटक वेगळे करून मोजणारे प्रयोगशाळेतले यंत्र. ती थोडी थांबली. “मी दोन ठिकाणी मुलाखतीलाच गेले नाही.”

ज्या विचारपद्धतीत माझी घडण झाली, तिथे अडचणीचे मूळ उकरण्याआधी ती सुटल्यावर काय वेगळे दिसेल हे विचारतात. तिला मी विचारले, “समज, रेझ्युमे तुझ्या मनासारखा झाला. पुढच्या महिन्यात एक फोन आला आणि तू तो घेताना आनंदाने उभी राहिलीस. पलीकडचा माणूस काय म्हणाला असेल?”

ती बराच वेळ गप्प राहिली. अशी शांतता मोडण्याचा मोह समुपदेशकाने आवरावा, हे मी माझ्याकडे शिकणाऱ्यांना नेहमी सांगते. मग ती म्हणाली, “तो म्हणाला असेल की आमच्याकडे क्यूएमध्ये जागा आहे.”

औषध कंपनीबाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवे की क्यूसी आणि क्यूए ऐकायला जुळी वाटली तरी कामे वेगळी आहेत. क्यूसीतला माणूस नमुना तपासतो आणि निकाल देतो. क्यूएतला माणूस हे सारे ठरलेल्या पद्धतीने झाले की नाही हे नोंदींवरून पाहतो, बिघाडांची चौकशी तपासतो आणि कार्यपद्धतीची कागदपत्रे सांभाळतो. तिचा रेझ्युमे पुन्हा समोर ठेवला तेव्हा मला जे दिसले ते मी तिला जसेच्या तसे सांगितले: “तुझा रेझ्युमे वाईट नाही. तो फार चांगला आहे, पण तुला नको असलेल्या कामासाठी. तुला तेच काम पुन्हा पुन्हा मिळावं अशी त्याने चोख व्यवस्था केली आहे.”

पहिल्या पानावर उपकरणे आणि चाचण्या यांच्या चौदा ओळी होत्या. मी न विचारता ‘चांगला’ केला असता, तर त्याच चौदा ओळी अधिक झळझळीत केल्या असत्या आणि चाराचे सहा फोन आले असते, सगळे एचपीएलसीचे. तिच्या निराशेत मी माझ्या हाताने भर घातली असती. एकाच फाइलला सुधारण्याच्या दिशा परस्परविरुद्ध असू शकतात, हे मला त्या दुपारी जितके स्वच्छ दिसले तितके आधी कधी दिसले नव्हते.

आणखी एक वाट तपासणे भाग होते, कारण घरच्यांचा आग्रह सरकारी नोकरीचा होता. ती वाट धरली असती तर रेझ्युमे बाजूलाच ठेवावा लागला असता. गोव्यातल्या सरकारी पदांसाठी पात्रता, पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला, कोकणीचे ज्ञान आणि परीक्षेतले गुण बोलतात. तिथे रेझ्युमेच्या भाषेवर चार रात्री घालवणे म्हणजे अभ्यासाच्या चार रात्री गमावणे. तिने विचार करून ती वाट तूर्त नको म्हटले.

पुढच्या बैठकीत मी तिला चौदा ओळी झाकायला सांगितल्या आणि विचारले, “यंत्र बंद असतं त्या दिवशी तू काय करतेस?” या एका प्रश्नाने जे बाहेर आले ते दुसऱ्या पानावर ‘इतर कामे’ या शीर्षकाखाली दीड ओळीत दडले होते. एखादा निकाल ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला, ज्याला प्रयोगशाळेत ओओएस म्हणतात, की लगेच फेरचाचणी करून मोकळे होता येत नाही. गणित, प्रमाण द्रावण, नमुन्याची तयारी, यंत्राची स्थिती अशा क्रमाने आधी कारण शोधून ते लिहावे लागते. तिच्या विभागातले हे चौकशी अहवाल दोन वर्षे तीच लिहीत होती. सहकाऱ्यांच्या मूळ नोंदी आणि संगणकातली बदलांची नोंद ती पडताळत होती. कार्यपद्धतीचे मसुदेही तिने सुधारले होते. क्यूएला हवे असलेले निम्मे काम ती क्यूसीच्या खुर्चीवर बसून करत होती आणि त्याला ‘इतर’ म्हणत होती.

आता आकड्यांचा प्रश्न आला. “मसुदे किती?” मी विचारले. “वीस लिहूया का?” ती म्हणाली. मी म्हटले, “मुलाखतीत कुणी वीस कुठले ते विचारलं तर?” तिने बोटांवर मोजले आणि सातावर थांबली. सातच लिहिले, कारण त्यातल्या प्रत्येकाविषयी ती पाच मिनिटे बोलू शकत होती. क्रियापदांचेही तसेच. बाहेरच्या लेखापरीक्षणाच्या वेळी ती कागदपत्रे हजर करत होती. ‘लेखापरीक्षण सांभाळले’ असे लिहिणे रुबाबदार झाले असते, पण खरे नसते. चौकशी अहवाल मात्र तिने ‘लिहिले’ होते, तिथे ‘साहाय्य केले’ असे भिडस्त क्रियापद मी खोडायला लावले. औषधांची नावे आणि चौकशीतले तपशील कंपनीच्या गोपनीयतेत येतात, म्हणून ते कुठेही घेतले नाहीत.

“पदनाम क्यूए एक्झिक्युटिव्ह लिहिलं तर चालेल का?” तिने हळूच विचारले. नाही. नेमणूकपत्रावर आणि अनुभवपत्रावर जे पद आहे तेच लिहायचे, कारण पडताळणीत पहिली जुळवणी त्याचीच होते. पदाखालच्या पहिल्या तीन ओळी कोणत्या असाव्यात, हे स्वातंत्र्य मात्र पूर्णपणे तिचे होते.

‘नामांकित संस्थेत आव्हानात्मक पद मिळवण्याचे ध्येय’ हे वाक्य गेले. त्याच्या जागी सहा वर्षांचा प्रयोगशाळेतला अनुभव, नोंदींची पडताळणी, ओओएस चौकशी आणि क्यूएत जाण्याचा हेतू सांगणाऱ्या दोन ओळी आल्या. उपकरणांच्या चौदा ओळींची एक ओळ झाली. ती काढून टाकली नाही, कारण प्रयोगशाळा आतून पाहिलेला माणूस क्यूएला हवा असतो.

अखेरचा प्रश्न, ही फाइल आधी कोण उघडणार, याचे उत्तर तिच्याकडे तयार होते: बहुतेक अर्ज कंपन्यांच्या संकेतस्थळांवरून जात. तिचा साचा दोन स्तंभांचा होता, आणि कौशल्यांपुढे भरलेल्या-अर्ध्या भरलेल्या पट्ट्या होत्या. सगळा मजकूर निवडून साध्या नोटपॅडमध्ये चिकटवायला सांगितला, तर डाव्या स्तंभातले शिक्षण उजवीकडच्या नोकरीच्या मधोमध घुसले आणि पट्ट्या नाहीशा झाल्या. मजकूर ओढून घेणाऱ्या प्रणालीला साधारण असेच दिसण्याचा धोका असतो. एकाच स्तंभात सरळ मांडल्यावर दीड पान उरले. तिला ते दिसायला उघडे-बोडके वाटले. मला तसे वाटले नाही, पण तो तिचा माझा रुचिभेद.

जुनी फाइल पुसू दिली नाही. तिला `QC` असे नाव दिले, नवीला `QA`, कारण अडचणीच्या दिवसांत जुन्या वाटेनेही जावे लागते.

नव्या फाइलने फोन कमी आले: नऊ अर्ज, दोन फोन. पण दोन्ही क्यूएचे होते आणि ती दोन्ही ठिकाणी गेली. पहिल्या मुलाखतीत ओओएसवर अर्धा तास चांगला गेला. दुसरीत त्यांनी विचारले, “चेंज कंट्रोल कधी हाताळलं आहे का?” म्हणजे एखाद्या पद्धतीत बदल करण्याआधी तो लेखी मांडून मंजूर करून घेण्याचे काम. तिने नाही म्हटले आणि तिथेच संवाद आटोपला. तिची निवड झाली नाही. परत आल्यावर तिने मला रेझ्युमे अजून चांगला करायला सांगितला नाही. आपल्याच विभागप्रमुखांकडे जाऊन तिने ‘पुढचा बदल-प्रस्ताव मला लिहू द्या’ अशी मागणी केली, आणि `QA` या फाइलमध्ये त्या ओळीपुरती जागा सोडून ठेवली.