एकच 'टक्' आणि स्टार्टर गप्प

भाऊ, सेल मारला की नुसता एक 'टक्' येतो आणि इंजिन फिरत नाही म्हणतोस, पण बॅटरी चांगली आहे ना? मग लगेच स्टार्टर खोलू नकोस, नवीन माणूस तिथेच फसतो. गाडी न्यूट्रलला घे, हेडलाइट लाव आणि सेल मार. दिवे एकदम मंदावले तर बॅटरीचं टर्मिनल ढिलं असेल, नाहीतर मोटर जाम. तसेच झगझगीत राहिले तर करंट मोटरपर्यंत पोचत नाहीये: मोटरला करंट जोडणारा स्विच, म्हणजे सोलेनॉइड, त्याचे कॉन्टॅक्ट जळालेत किंवा केबल खराब आहे.

आपल्या किनाऱ्यावर खारी हवा आधी बॅटरीच्या निगेटिव्हवरून इंजिनला जाणारी अर्थिंगची केबल खाते. वरून घट्ट दिसते, आत गंज. मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर धर आणि कुणालातरी सेल मारायला सांग. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दाखवलं तर केबल सोडव, दोन्ही टोकं घासून परत आवळ. पान्याने सोलेनॉइड शॉर्ट करायच्या भानगडीत सध्या पडू नकोस.