रिबेसलाइन करावी का, कधी करावी, आणि जुना उशीर पुसला जाऊ नये म्हणून काय करावं?

प्रश्न: आमच्या इमारतीच्या प्रकल्पात काम मध्यावर आलं असताना एक मजला वाढवला गेला. तोपर्यंत आम्ही आधीच थोडे मागे होतो. आता साहेब म्हणतात, नवी बेसलाइन घेऊन टाका, रिपोर्ट स्वच्छ दिसेल. हे बरोबर आहे का? आणि जुनं सगळं कसं जपायचं?

उत्तर: नवी बेसलाइन, म्हणजे प्रगती ताडून पाहायला गोठवलेलं मंजूर वेळापत्रक, जरूर घ्या. मजला वाढवायला मंजुरी मिळाली त्याच दिवशी जुनी बेसलाइन तुमच्या कामाची राहिली नाही. ती ज्या इमारतीची होती ती इमारत आता बांधायचीच नाहीये. पण रिपोर्ट स्वच्छ दिसावा हे कारण मला मान्य नाही. नव्या बेसलाइनमध्ये फक्त वाढीव मजल्याचा वेळ यायला हवा. आधीचा उशीर त्यात मिसळला की तो कायमचा नाहीसा होतो, आणि पुढे कुणी विचारलं तर तुमच्याकडे दाखवायला काहीच उरत नाही.

आकडे घेऊन बघू. समजा मूळ बेसलाइन 40 आठवड्यांची होती. 18व्या आठवड्याच्या अपडेटला काम 3 आठवडे मागे आहे, म्हणजे उरलेलं काम ठरल्या वेळात झालं तरी शेवट 43व्या आठवड्यात. आता वाढीव मजला: कॉलम मजबूत करणं, स्लॅब, भिंती, प्लंबिंग आणि वायरिंग, फिनिशिंग. हे सगळं मिळून 11 आठवड्यांचं काम आहे असं धरा. पण त्यातलं बरंच फिनिशिंग खालच्या मजल्यांच्या फिनिशिंगबरोबर समांतर चालतं, त्यामुळे शेवटची तारीख 8 आठवडेच सरकते. अंदाज 43वरून 51वर जातो.

इथेच बहुतेक जण 51 हीच नवी बेसलाइन करून मोकळे होतात. नवी बेसलाइन 40 अधिक 8, म्हणजे 48 असायला हवी. अंदाज 51, बेसलाइन 48, फरक 3. तुमचा जुना उशीर जसाच्या तसा दिसत राहतो आणि मालकाने वाढवलेल्या कामाचा दोष तुमच्यावर येत नाही. दोन्ही बाजूंना न्याय मिळतो.

हे 8 आठवडे कसे काढायचे यात काळजी घ्या. आधी प्रत्यक्ष प्रगती भरून शेड्यूल 18व्या आठवड्याच्या स्टेटस डेटपर्यंत, म्हणजे प्रगती ज्या तारखेपर्यंत मोजली त्या तारखेपर्यंत, अपडेट करा आणि शेवटची तारीख लिहून ठेवा. मग त्याच फाइलमध्ये, त्याच स्टेटस डेटवर, नव्या मजल्याची कामं त्यांच्या लिंकसकट घाला आणि पुन्हा कॅल्क्युलेट करा. आधीची आणि नंतरची तारीख यांतला फरक हा बदलाचा परिणाम. प्रगती न भरताच बदल घातला, तर उशीर कुठला आणि बदल कुठला हे नंतर वेगळं करता येत नाही. हीच कामं मूळ शेड्यूलच्या प्रतीतही घालून बघा. तिथेही 8च आले तर उत्तम. वेगळा आकडा आला तर क्रिटिकल पाथ, म्हणजे शेवटची तारीख ठरवणारी कामांची साखळी, दोन्हीकडे वेगळा आहे, आणि तो का वेगळा आहे याचं उत्तर मंजुरी मागण्याआधी तुमच्याकडे हवं.

आता कधी घ्यायची याबद्दल. नुसता उशीर हे माझ्या मते रिबेसलाइनचं कारण नाही. उशीर झाला तर अंदाज बदलायचा, बेसलाइन जागच्या जागी राहू द्यायची. दोन्हींतला फरक दिसावा म्हणून तर बेसलाइन ठेवतात. मंजूर झालेला स्कोप-बदल, काम थांबवण्याचा आदेश, किंवा बांधण्याची पद्धतच बदलणं, ही खरी कारणं. तेही अधिकार असलेल्या माणसाची लेखी मंजुरी आल्यावरच. बोलण्यात ठरलेल्या बदलावर बेसलाइन हलवली आणि मग बदल रद्द झाला, तर परत यायची वाट फार गुंतागुंतीची होते. दोन खिडक्यांची जागा बदलली अशा किरकोळ गोष्टींसाठी तर संपूर्ण बेसलाइन हलवूच नका. फक्त त्या नव्या कामांची बेसलाइन नोंदवा, बाकीच्यांना हात लावू नका.

एक अपवाद मी मानतो. उशीर इतका झाला की शेड्यूलमधली प्रत्येक ओळ लाल आहे आणि साइटवरची माणसं बेसलाइनकडे बघायचीच थांबली आहेत, तर त्या बेसलाइनचा कुणालाच उपयोग उरत नाही. तेव्हा उशिरासह नवी बेसलाइन घ्यावी लागते. तुमच्या साहेबांना 51च हवे असतील तर तेही चालेल, पण नोंदवहीत त्या दोन वेगळ्या नोंदी करा: 40 ते 48, कारण वाढीव मजला, 48 ते 51, कारण कामातला उशीर, अमुक अधिकाऱ्याने मान्य केला. एकाच ओळीत 40 ते 51 कधीही लिहू नका. आणि करारातली तारीख यातल्या कशानेही आपोआप बदलत नाही. समोरच्या पक्षाने लेखी मुदतवाढ दिली तरच ती बदलते. म्हणून कराराची तारीख रिपोर्टमध्ये वेगळ्या रकान्यात ठेवा, बेसलाइनच्या रकान्यात नको.

आता प्रत्यक्ष सॉफ्टवेअरमध्ये. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टमध्ये `Baseline` आणि `Baseline 1` ते `Baseline 10` अशा एकूण 11 जागा असतात. व्हेरियन्सचे, म्हणजे बेसलाइनपासूनच्या फरकाचे, नेहमीचे रकाने पहिल्या, बिनआकड्याच्या `Baseline`शी तुलना करतात. म्हणून रीत अशी ठेवा की `Baseline`मध्ये नेहमी चालू असलेली बेसलाइन आणि आकडेवाल्या जागांमध्ये इतिहास. सुरुवातीलाच तीच बेसलाइन `Baseline` आणि `Baseline 1` अशा दोन्ही जागी घेतली असती तर आता सोपं गेलं असतं. घेतली नसेल तर काहीही बदलण्याआधी `Set Baseline` खिडकीतल्या `Set interim plan` पर्यायाने `Baseline`ची प्रत `Baseline 1`मध्ये करून घ्या. मग दोन्हींचे रकाने शेजारी लावून दहा-बारा ओळी ताडून पाहा.

त्यानंतर थेट `Entire project` निवडून `Set Baseline` दाबू नका. हीच सगळ्यांत महागात पडणारी चूक आहे. ती कमांड आजच्या तारखा बेसलाइनमध्ये लिहिते. संपलेल्या कामांच्या बाबतीत आजच्या तारखा म्हणजे प्रत्यक्ष तारखा, त्यामुळे उशिरा संपलेलं प्रत्येक काम एका क्षणात वेळेवर संपलेलं दिसतं. `Selected tasks` निवडून फक्त न संपलेली आणि नवी कामं घेतलीत तरी पुढच्या कामांच्या आजच्या तारखांमध्ये ते 3 आठवडे मुरलेलेच असतात. म्हणजे ती पद्धत 51साठी ठीक आहे, 48साठी नाही.

48 हवे असतील तर मूळ फाइलची प्रत उघडा, त्यात मजल्याची कामं घाला, शेवट 48 येतोय हे बघा. मग न संपलेल्या आणि नव्या कामांच्या `Start`, `Finish` आणि `Duration` तारखा-आकडे चालू फाइलच्या `Baseline Start`, `Baseline Finish` आणि `Baseline Duration` रकान्यांत आणा. हे रकाने हाताने भरता येतात. ओळींचा क्रम दोन्ही फाइलींत एकच आहे ना, हे चिकटवण्याआधी तपासा. तासांचा किंवा खर्चाचा हिशोब त्याच फाइलमध्ये ठेवत असाल तर त्यांचे बेसलाइन रकानेही तसेच आणावे लागतील. सारांश ओळींची बेसलाइन अशा वेळी आपोआप बदलत नाही, ती वेगळी बघा. `Selected tasks` वापरलंत तर खालचे रोल-अपचे चौकोन टिकमार्क करायला विसरू नका. नाहीतर कामांची बेसलाइन नवी आणि वरच्या टप्प्याची जुनी, असा रिपोर्ट निघतो.

शेवटी एक तपासणी. `Baseline Start` रकान्यात कुठे `NA` दिसतंय का? ते काम बेसलाइनमध्ये आलेलंच नाही. अशा कामाचा व्हेरियन्स शून्य दिसतो, म्हणजे ते अगदी वेळेवर चाललंय असा भास होतो. वाढीव मजल्याची कामं हमखास अशी सुटतात.

प्रिमावेरात गोष्ट थोडी सोपी आहे, कारण तिथे प्रत्येक बेसलाइन ही अख्ख्या प्रोजेक्टची प्रत असते. जुनी बेसलाइन `Maintain Baselines`मधून `Restore` करायची, तिची एक प्रत करून त्या प्रतीत बदल घालायचा, शेड्यूल करायचं, आणि मग दोन्ही पुन्हा चालू प्रोजेक्टच्या बेसलाइन म्हणून जोडायच्या. `Restore` केल्यावर ती बेसलाइन यादीतून बाहेर पडते, म्हणून मूळ परत जोडणं राहून जाऊ देऊ नका.

इतिहास मात्र सॉफ्टवेअरच्या भरवशावर सोडू नका. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट `Baseline 2`समोर ती कधी जतन केली एवढंच दाखवतं, का केली ते नाही. एक साधी नोंदवही ठेवा: बेसलाइनचा क्रमांक, स्टेटस डेट, जुना शेवट, नवा शेवट, कारण, बदलाच्या मंजुरीचा क्रमांक, मंजुरी कुणाची, आणि गोठवलेल्या फाइलचं नाव. फाइल मूळ स्वरूपात जपा, नुसती पीडीएफ नको. पीडीएफमध्ये तारखा असतात पण कामांच्या लिंक नसतात, आणि मुदतवाढीचा वाद निघाला की नेमक्या त्या लिंकच लागतात. बदल घालण्याआधीची 18व्या आठवड्याची अपडेट फाइल आणि बदल घातल्यानंतरची फाइल, या दोन्ही वेगळ्या गोठवा. 8 आठवड्यांचा तुमचा पुरावा त्या जोडीत आहे.

मासिक रिपोर्टमध्ये दोन फरक शेजारी छापा: चालू बेसलाइनपासून 3 आठवडे, मूळ बेसलाइनपासून 11 आठवडे, आणि खाली एक ओळ, की त्या 11 पैकी 8 मंजूर बदलाचे. साहेबांना 11 आकडा बघवणार नाही, पण ती ओळ बरोबर असेल तर त्यांना त्याची भीती वाटायचं कारण नाही. उलट पहिला रकाना एकटाच छापला, तर सहा महिन्यांनी नवा माणूस येऊन विचारेल की 40 आठवड्यांचं काम 51वर कसं गेलं, आणि तेव्हा उत्तर जुन्या ईमेलमधून शोधावं लागेल.

नवी बेसलाइन लागू झाल्यावर पुढचे दोन-तीन अपडेट बारकाईने बघा. उशीर 3वरच थांबला तर ठीक. महिन्याला एक आठवडा अशा गतीने तो 4, 5 असा वाढत गेला, तर मजला वाढण्याचा त्याच्याशी संबंध नाही. तुमचे कामांचे कालावधीच मुळात कमी धरलेले आहेत किंवा माणसं कमी पडतायत. तेव्हा तिसरी बेसलाइन मागायला जाऊ नका. उरलेल्या क्रिटिकल कामांचे कालावधी आतापर्यंतच्या प्रत्यक्ष गतीशी ताडून पाहा आणि अंदाज तेवढा दुरुस्त करा.