जुन्या गच्चीवर सोलर: पॅनेलच्या आधी कोबा मोजा

प्रश्न: आमचं घर जवळपास 35 वर्षांचं आहे. गच्चीवर 3 किलोवॅटचं सोलर बसवायचंय. स्लॅबला वजन पेलेल का? आणि वॉटरप्रूफिंग न फोडता स्ट्रक्चर बसवता येतं का?

पॅनेलच्या वजनाची फार काळजी करू नका. 540 वॅटचं एक पॅनेल साधारण 28 किलोचं असतं. तुम्हाला अशी 6 लागतील. खालच्या लोखंडी सांगाड्याचे सव्वाशे किलो धरले तरी सगळं मिळून तीनशेच्या आतच राहतं, आणि तेही 15-16 चौरस मीटरवर पसरलेलं. म्हणजे चौरस मीटरला 19-20 किलो. माणसांच्या वावरासाठी बांधलेल्या सपाट गच्चीचा स्लॅब साधारणपणे चौरस मीटरला 150 किलोचा चढता-उतरता भार धरून केलेला असतो. हा हिशेब दाखवून बरेच जण "काही होत नाही" म्हणतात. तो चुकीचा नाही, पण अर्धाच आहे. जुन्या घरात दोन गोष्टी त्याच्या बाहेर राहतात: स्लॅबवर आधीच काय पडलंय, आणि वारा.

पहिली गोष्ट कोब्याची. गच्ची गळायला लागली की जुना कोबा न काढता त्यावरच दुसरा घालायचा, हे इतकं सर्रास होतं की 30-35 वर्षांच्या घरात मी ते गृहीतच धरते. विटांच्या तुकड्यांचा कोबा हलका नसतो. 10 सेंटिमीटर जाडीचा कोबा चौरस मीटरला जवळजवळ 190 किलो भरतो. म्हणजे दुसरा थर चढला की स्लॅबकडे राखून ठेवलेली ताकद तिथेच संपते, आणि हे वजन चोवीस तास, बारा महिने बसून असतं.

हे भोक न पाडता तपासता येतं. वरच्या मजल्याच्या फरशीपासून गच्चीच्या दारापर्यंत जिन्याच्या पायऱ्यांच्या उंच्या मोजा, एकेक करून, कारण जुन्या जिन्यात त्या सारख्या नसतात. मग खोलीतली फरशी ते छत ही उंची मोजा. दोन्हींतला फरक म्हणजे स्लॅब आणि त्यावरचं सगळं. मी पाहिलेल्या एका घरात 19 पायऱ्या मिळून 332 सेंटिमीटर भरल्या आणि खोलीची उंची 297 निघाली. फरक 35. त्यातून साडेबारा सेंटिमीटरचा स्लॅब वजा केला तर वर साडेबावीस सेंटिमीटर कोबा. त्या बेताच्या गच्चीला 11-12 पुरेसा असतो. घरमालकांना दुसऱ्या थराची कल्पनाच नव्हती, काम त्यांच्या आधीच्या मालकांनी करून घेतलं होतं. दाराचा उंबरा गच्चीच्या पातळीला आलेला असणं, पन्हाळीचं तोंड अर्धं बुजलेलं असणं, कठडा बुटका वाटणं, या खुणाही हेच सांगतात. उतारामुळे जाडी जागोजागी बदलते, म्हणून दाराजवळचा आकडा अंदाज म्हणूनच घ्या.

मग स्लॅब खालून बघा. छतावर सरळ रेषेत, ठरावीक अंतरावर तडे किंवा तांबूस डाग दिसले तर ते सळयांच्या जागी आहेत: सळई गंजून फुगते आणि काँक्रीट ढकलते. लाकडी दांड्याने ठोकून बघा, भरीव आवाजाच्या मधेच पोकळ आवाज आला तर तिथलं आवरण सुटलंय. भिंतीपासून भिंतीपर्यंत छताला लागून दोरी ताणा. साडेतीन मीटरच्या खोलीत मध्यभाग दीड सेंटिमीटरच्या आसपास किंवा जास्त खाली आलेला दिसला, तर स्ट्रक्चरल इंजिनिअर येऊन बघेपर्यंत वर काहीही चढवू नका. यातली कोणतीही एक खूण दिसली तरी त्यांना बोलवाच.

आता वारा. ताशी 140 किलोमीटरचा वारा चौरस मीटरला 90 किलोच्या आसपास दाब देतो. तिरकं पॅनेल तो पंखासारखा झेलतं आणि वर उचललं जातं. पूर्ण दाब धरला तर तुमच्या 6 पॅनेलवर मिळून चौदाशे किलोंची ओढ येते. सुरक्षेसाठी दीडपट धरून त्यातून स्वतःचं वजन वजा केलं, तरी अठराशेहून जास्त किलो कुठून तरी आणावे लागतात. सांगाडा नुसता सिमेंटच्या ठोकळ्यांवर उभा केला तर 8 पायांना प्रत्येकी 230 किलो, म्हणजे 60 बाय 60 सेंटिमीटरचा आणि 27 सेंटिमीटर उंचीचा ठोकळा. त्याच्याखाली चौरस मीटरला साडेसहाशे किलोंचा दाब पडतो. तीनशे किलोंचं काम दोन हजारांवर गेलं, आणि ते खोलीच्या मधोमध ठेवलं तर सगळं स्लॅबच्या सगळ्यात कमकुवत जागी. कुणी तुम्हाला 25-30 किलोंचे ठोकळे दाखवले, तर वाऱ्याचा हिशेब कागदावर मागा. कल कमी ठेवला, पॅनेल गच्चीच्या काठापासून आत घेतली आणि सांगाडा बुटका केला की ओढ बरीच कमी होते.

भोक पाडून बोल्ट मारायचा मोह टाळा. 10 सेंटिमीटरचा बोल्ट कोब्यातच संपतो, स्लॅबपर्यंत पोहोचतच नाही. विटेच्या तुकड्यात तो धरत नाही, वाऱ्याने हलत राहतो आणि भोक रुंदावतं. पाणी कोब्याच्या पोटात शिरतं आणि उतारावर जिथे वाट मिळेल तिथे खाली येतं. त्यामुळे ओल दिसते एका खोलीत आणि भोक असतं दुसरीच्या वर. वरून सिलिकॉन भरून हे थांबत नाही.

मला पटलेली पद्धत म्हणजे पाय थेट कॉलमच्या डोक्यावर उभे करणं. वर सांगितलेल्या घरात तेच केलं. आधी वरचा कोबा छिन्नी-हातोड्याने काढला. ब्रेकर लावू दिला नाही, कारण त्याचे हादरे जुन्या स्लॅबला सोसत नाहीत. मग चार कॉलमच्या वर तेवढ्यापुरता खालचा कोबा कापून काँक्रीट उघडं केलं, कॉलममध्ये केमिकलने सळया बसवल्या आणि 30 सेंटिमीटर उंचीचे खांबुले ओतले. वॉटरप्रूफिंगचा थर त्यानंतर, खांबुल्याच्या अंगावर 15 सेंटिमीटर चढवून, कोपरा गोलाईत भरून. लोखंडाच्या बैठकीचे बोल्ट खांबुल्याच्या माथ्यावर, म्हणजे साचणाऱ्या पाण्याच्या कितीतरी वर. चार खांबुल्यांवर दोन दणकट तुळया टाकल्या, त्यामुळे मधल्या स्लॅबवर एकही पाय नाही. घर भिंतींवर उभं असेल तर हेच खांबुले भिंतींच्या रेषेवर येतात. कठड्याला मात्र काही बांधू नका, चार-साडेचार इंची विटेचा कठडा ही ओढ घेत नाही.

ठोकळेच ठेवायचे असतील तर ते आधी ओतून आणलेले असावेत, तुळई किंवा भिंतीच्या वर, आणि खाली जाड रबराची चटई. कोब्यावर जागेवरच ओतलेला ठोकळा पाण्याच्या वाटेत बांध होतो. त्याच्या कडेला माती आणि शेवाळ साचतं, आणि वॉटरप्रूफिंग दुरुस्त करायची वेळ आली की तो फोडल्याशिवाय हलत नाही.

पाणी तुंबवून चाचणी काम सुरू होण्याआधी करा आणि संपल्यावरही. पन्हाळी बंद करून 48 तास अडीच सेंटिमीटर पाणी, आणि खालच्या छताचे आधीचे व नंतरचे फोटो. गळती आधीची की बसवणाऱ्यांची, हा वाद त्या फोटोंवरच मिटतो. अडीच सेंटिमीटर पाण्याचेही चौरस मीटरला 25 किलो होतात, म्हणून ठोकल्यावर पोकळ वाजणाऱ्या छतावर हे इंजिनिअरना विचारल्याशिवाय करू नका.