सँक्शन लेटरवर १४ टक्के, मग प्रत्यक्ष व्याज किती पडतं?

प्रश्न: पाच लाखांचं पर्सनल लोन मंजूर झालंय, तीन वर्षांसाठी, १४ टक्क्यांनी. पण खात्यात ४,७२,२०० रुपयेच येणार म्हणतात. १०,००० प्रोसेसिंग फी, त्यावर १,८०० जीएसटी आणि १६,००० विमा. सही करण्याआधी सँक्शन लेटरमध्ये नेमकं काय बघू?

उत्तर:

मी काही वर्षं कर्जविभागात काम केलंय. अशा वेळी मी सगळ्यात आधी ‘की फॅक्ट स्टेटमेंट’, म्हणजे कर्जाचा दर, शुल्क आणि अटी एकत्र सांगणारा कागद, मागून घेतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या प्रत्येक नव्या किरकोळ मुदत कर्जासोबत ते देणं रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केलंय, तेही कर्जदाराला समजेल अशा भाषेत. तुमच्यासारख्या कर्जात ते हातात पडल्यावर विचार करायला किमान तीन कामाचे दिवस मिळतात. त्यामुळे “आजच ओटीपी द्या, नाहीतर ऑफर जाईल” असं कुणी म्हणालं तर घाई करू नका.

त्या कागदावर ‘एपीआर’ म्हणजे व्याज आणि शुल्क मिळून पडणारा वार्षिक टक्केवारी दर शोधा. १४ टक्के हा फक्त व्याजाचा दर झाला. तुमचा ईएमआय सुमारे १७,०८९ रुपये बसतो, पण तो पूर्ण पाच लाखांवर काढलेला असतो आणि वापरायला मिळतात ४,७२,२००. एक्सेलमध्ये हे टाकून बघा:

```
=RATE(36,-17089,472200)*12
```

उत्तर साधारण ०.१८१ येईल, म्हणजे १८.१ टक्के. विमा काढून टाकला तर खात्यात ४,८८,२०० येतील, आणि हाच आकडा १५.७ टक्क्यांवर उतरेल. कर्जासोबत बँकेमार्फत वसूल होणारा विम्याचा हप्ताही एपीआरमध्ये धरायचा, असा नियम आहे. म्हणून कागदावर १५.७ च्या आसपास आकडा असेल आणि कपात मात्र २७,८०० ची असेल, तर विमा हिशोबाबाहेर ठेवलाय असं समजा आणि लेखी विचारा. की फॅक्ट स्टेटमेंटमध्ये नसलेलं कुठलंही शुल्क तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय नंतर लावता येत नाही.

प्रोसेसिंग फीवर फार वेळ घालवू नका. ती कमी करून मागा, बऱ्याचदा मिळते. मात्र कर्ज नंतर रद्द केलं तर ती परत मिळते का, ते वाचा. बहुतेक पत्रांत ‘नॉन-रिफंडेबल’ असंच असतं.

विम्यावर मात्र थांबा. पर्सनल लोनसाठी विमा घ्यायलाच हवा असा कुठलाही नियम नाही. तुमच्या बाबतीत तो कर्जाच्या पैशातूनच कापला जातोय, म्हणजे त्या १६,००० वर तुम्ही तीन वर्षं व्याजही भरणार. ईएमआयमधून तो सुमारे १९,७०० ला पडतो. तुमच्याकडे पुरेसा टर्म इन्शुरन्स आधीच असेल तर मी हा घेणार नाही. नको असेल तर शाखेला ईमेल करा: “मला विमा नको आहे, तो वगळून सुधारित सँक्शन लेटर आणि की फॅक्ट स्टेटमेंट द्यावं.” ॲपवर अर्ज असेल तर विम्याच्या संमतीचा चौकोन आधीच टिक केलेला नाही ना, ते बघा. पॉलिसी आधीच निघाली असेल, तर कागदपत्र मिळाल्यापासून ३० दिवसांच्या फ्री-लूक मुदतीत ती परत करता येते. किरकोळ कपात करून विमा कंपनी हप्ता परत देते.

आता मुदतीआधी फेडण्याचा भाग. व्यक्तींच्या फ्लोटिंग दराच्या बिगरव्यावसायिक कर्जावर प्रीपेमेंट शुल्क घेता येत नाही. पण पर्सनल लोन बहुधा फिक्स्ड दराचं असतं, म्हणून ही सवलत गृहीत धरू नका. पत्रात ‘फोरक्लोजर’ म्हणजे पूर्ण कर्ज आधीच बंद करणं आणि ‘पार्ट पेमेंट’ म्हणजे काही रक्कम मध्येच भरणं, ही दोन कलमं वेगवेगळी वाचा. पहिले किती हप्ते फेडल्याशिवाय कर्ज बंद करता येत नाही, शुल्क किती टक्के, जीएसटी धरून की वेगळा, आणि वर्षाला किती रक्कम मध्येच भरता येते, हे तिथे असतं. समजा शुल्क ४ टक्के आहे आणि बारा हप्त्यांनंतर तुम्ही कर्ज बंद करताय. तेव्हा मुद्दल सुमारे ३,५६,००० उरलेलं असेल. शुल्क १४,२०० च्या आसपास, जीएसटी धरून १६,८००. पुढच्या दोन वर्षांचं व्याज मात्र ५४,००० वाचेल, म्हणजे शुल्क भरूनही फायदाच. शेवटच्या सहा-सात महिन्यांत हे गणित उलटतं, कारण वाचण्यासारखं व्याजच फार उरत नाही.

विमा ठेवलाच, तर कर्ज लवकर बंद केल्यावर उरलेल्या मुदतीचा हप्ता परत मिळण्याची काय तरतूद आहे ते पॉलिसीत बघून ठेवा. बँक तो आपणहून परत करेल असं धरून चालू नका. नो-ड्यूज पत्र हाती आलं की विमा कंपनीकडे वेगळा अर्ज करा.