पहिलं उत्तर किंचित चुकतं, मग पुढची सगळी चुकतात

"रीत बरोबर असते, सूत्रंही पाठ आहेत. पण तीन भागांचं उदाहरण आलं की पहिलं उत्तर जवळपास जमतं आणि पुढची दोन्ही चुकतात. मी गणितात कच्ची आहे का?"

बारावीच्या एका विद्यार्थिनीचा हा प्रश्न. मी तिची रसायनशास्त्राची वही मागून घेतली. प्रथम कोटीची अभिक्रिया, ४० मिनिटांत २० टक्के पूर्ण. आधी k काढायचा, मग हाफ-लाइफ, शेवटी ८० टक्के पूर्ण व्हायला लागणारा वेळ. रीत खरोखरच निर्दोष होती, आणि हे मी तिला सगळ्यात आधी सांगितलं.

मग आम्ही पहिला भाग ओळीओळीने वाचला. तिचा नियम एकच होता, प्रत्येक आकडा तीन दशांश स्थळांपर्यंत. २.३०३ भागिले ४० म्हणजे ०.०५७५७५, ते तिने ०.०५८ केलं. लॉग टेबलमधला ०.०९६९ झाला ०.०९७. इथवर एक टक्क्याचाही फरक नाही. पण गुणाकार ०.००५६२६ आला आणि त्याच नियमाने तो ०.००६ झाला. इथे एका फटक्यात साडेसहा टक्के वाढले! दशांश चिन्हानंतरची दोन शून्यं तिने स्थळांत मोजली, त्यामुळे हाती एकच सार्थक अंक उरला. तोच k पुढे दोनदा वापरला गेला. हाफ-लाइफ १२४.२ ऐवजी ११५.५ मिनिटं आली, आणि २८८.५ च्या जागी २६८.

हे परीक्षेत कळणार कसं? मी तिला ०.००६ उलटा घालून पाहायला सांगितलं. ४० ने गुणून २.३०३ ने भागलं, अँटीलॉग घेतला, तर ४० मिनिटांत २१.३ टक्के अभिक्रिया झाली असं निघालं. प्रश्नात तर २० दिलेत. ती वहीकडे बघतच राहिली.

तेव्हापासून ती k दोनदा लिहिते. उत्तराच्या ओळीत ०.००५५८, आणि समासात पुढच्या भागांसाठी ०.००५५७९. शून्यं सोडून चार अंक. परीक्षेत कॅल्क्युलेटर नसतो, चार अंकी लॉग टेबल असतं, त्यामुळे याहून जास्त अंक ओढत नेण्यात अर्थ नाही.

शेवटच्या भागासाठी मला तर k टाळणंच आवडतं. दोन्ही वेळांची सूत्रं एकमेकांना भागली की k जातो, २.३०३ सुद्धा जातो:

```
t = 40 × log 5 / log 1.25
  = 40 × 0.6990 / 0.0969
  = 288.5
```

यात पहिल्या भागात काढलेला k कुठेच नाही. तो चुकला असता तरी हे उत्तर बरोबरच आलं असतं. घाई असेल तर नुसता अंदाजही घेता येतो: दोन हाफ-लाइफनंतर २५ टक्के उरतात, आपल्याला २० हवेत, म्हणजे वेळ दोन हाफ-लाइफपेक्षा, २४८ मिनिटांपेक्षा, थोडा जास्तच यायला हवा. मात्र हा अंदाज k मधली चूक पकडत नाही, कारण चुकलेल्या k ने हाफ-लाइफही त्याच प्रमाणात चुकते. तिच्या ११५.५ आणि २६८ ची जोडी अंदाजाला अगदी बिनचूक वाटली असती. त्यासाठी k दिलेल्या माहितीतच परत घालून बघावा लागतो.