दीपगृहाच्या कथेत भरती चुकवू नकोस

अरे, तुझा मसुदा वाचला, म्हातारा मस्त जमलाय पण पौर्णिमेला सकाळी सहाला पाणी कट्ट्याला लागतं असं लिहिलंयस ते आपल्या कोकणात होत नाही. साधा हिशोब आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, म्हणजे अष्टमीला सहा आणि पौर्णिमेला साडेअकरा-बाराच्या आसपास, अर्धा-एक तास इकडेतिकडे धर. सहा हवेतच तर अष्टमी घे, पण मग ते भांगाचं पाणी, कट्ट्यापर्यंत चढणारच नाही!

वादळातही तेच. निसर्ग वादळ 3 जून 2020 ला दुपारी अलिबागच्या दक्षिणेला धडकलं, त्या दिवशी द्वादशी, म्हणजे भरती सकाळी नऊ-दहाला होऊन पाणी उतरणीला लागलेलं, तुझ्या म्हाताऱ्याला हे घड्याळ न बघता कळायला पाहिजे.

आणि किनारा खचल्याचं त्याला ऑगस्टमध्ये नको दाखवूस, पावसाळ्यात वाळू जातेच, पुढे बरीचशी परत येते. दरवर्षी मे महिन्यात तो सुरूच्या त्याच झाडापर्यंत पावलं मोजतो, आणि एका वर्षी मुळं उघडी दिसतात, असं कर.